क्रूसोची होडी आणि एकशे वीस सेकंद

मी आठवीत असताना शाळेच्या वाचन दिनाला एका पुस्तकावर बोलले होते. प्रत्येक वर्गातून एक विद्यार्थी, प्रत्येकाला दोन मिनिटं. पावणेदोन मिनिटांनी एक छोटी घंटा वाजणार आणि दोन मिनिटं झाली की मोठी. मोठ्या घंटेनंतर बोलत राहिलं तर माइक बंद. मी निवडलेलं पुस्तक होतं ‘रॉबिन्सन क्रूसो’. शाळेच्या वाचनालयातला त्याचा संक्षिप्त मराठी अनुवाद मी दोनदा वाचला होता, त्यामुळे भाषण लिहायला एक संध्याकाळ पुरेल असं मला वाटलं. प्रत्यक्षात नऊ दिवस लागले.

पहिल्या संध्याकाळी मी चार पानं लिहिली. क्रूसो घर सोडून समुद्रावर जातो इथपासून तो अठ्ठावीस वर्षांनी बेटावरून सुटतो इथपर्यंत सगळं त्यात होतं. दुसऱ्या दिवशी ती पानं मराठीच्या बाईंना दाखवली. त्यांनी वाचली नाहीत. हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, “मोठ्याने म्हण.” मी म्हटलं. सहा मिनिटं झाली आणि क्रूसो अजून बेटावरच होता.

मग बाईंनी माझ्याच कागदातला शंभर शब्दांचा एक परिच्छेद मोजून काढला आणि तो सावकाश म्हणायला लावला. पन्नास सेकंद लागले. म्हणजे दोन मिनिटांत दोनशे चाळीस शब्द. “पण हे इथे, माझ्यासमोर बसून,” बाई म्हणाल्या. “तिथे माइकपर्यंत चालत जायचं, श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, कोणी हसलं तर हसू द्यायचं. तू दोनशे शब्दांच्या आसपास राहा.” माझ्याकडे सातशेहून जास्त होते.

सगळ्यात आधी कात्री कुठे लागावी हे मला अजिबात सुचलं नसतं. बाईंनी माझी सुरुवात वाचायला लावली. ‘सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय मुख्याध्यापक, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रमैत्रिणींनो, आज मी आपल्यासमोर जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांत चित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती.’ पहिलीपासून प्रत्येक भाषणाची सुरुवात मी अशीच केली होती. घड्याळात हे सतरा सेकंदांचं भरलं. शेवटी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते, धन्यवाद’ हे आणखी पाच सेकंद. एकशे वीसपैकी बावीस सेकंद गेले आणि पुस्तकाचं नावही आलं नव्हतं. नुसतं ‘नमस्कार’ म्हटलं तर उद्धटपणा होईल का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, नमस्कार नीट थांबून, समोर बघून केला तर त्यात सगळे येतात. मी ती सुरुवात खोडली. खरं सांगते, खोडताना जीव खालीवर झाला, कारण भाषण पाठ नसलं तरी ती ओळ पाठ असायची आणि तेवढ्या वेळात आवाज बसायचा.

पुढचे तीन दिवस माझे चुकीच्या वाटेवर गेले, आणि ती वाट कुणालाही बरोबर वाटेल अशी आहे. मी प्रत्येक प्रसंग थोडा थोडा छाटत गेले. घर सोडण्याच्या पाच ओळींच्या दोन केल्या, वादळाच्या आठच्या तीन केल्या, बकऱ्या, धान्य, वाळूवरची पाऊलखूण, बेटावर क्रूसोचा सोबती झालेला फ्रायडे, सगळ्यांना सारखी कात्री. शब्द दोनशे तीसवर आले, वेळ बसली, मी खूश झाले. रात्री ते धाकट्या भावाला म्हणून दाखवलं. तो पाचवीत होता आणि त्याने पुस्तक वाचलं नव्हतं. संपल्यावर मी विचारलं, “काय काय झालं सांग बघू.” तो म्हणाला, “एक माणूस बेटावर होता.” “आणि?” “मग सुटला.”

मी कागद पुन्हा पाहिला आणि त्यातले ‘मग’ मोजले. चौदा निघाले. मग तो घर बांधतो. मग तो बकऱ्या पाळतो. मग त्याला पाऊलखूण दिसते. मग त्याला फ्रायडे भेटतो. वाचताना या प्रत्येक वाक्यामागे मला पुस्तकातली पानंच्या पानं दिसत होती, म्हणून ते मला भरलेलं वाटत होतं. भावाकडे ती पानं नव्हती. त्याला फक्त ‘मग’ ऐकू आले.

तेव्हापासून मी ही कसोटी सोडलेली नाही. ऐकणाऱ्याला ‘आवडलं का’ असं विचारायचं नाही, कारण घरचे लोक हो म्हणतात. ‘काय झालं ते मला सांग’ असं म्हणायचं. जे त्याच्या तोंडून परत येतं तेवढंच भाषणातून पोहोचलेलं असतं.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं. “पुस्तक मिटल्यावर तुला कुठलं पान आठवतं? महत्त्वाचं कुठलं ते नको सांगू. आठवतं कुठलं?” मी न थांबता म्हटलं, “होडी.” संक्षिप्त पुस्तकात होडी चार ओळींत संपली होती. क्रूसो एक मोठी होडी कोरतो आणि ती पाण्यात नेता येत नाही, एवढंच. पण मला तीच आठवत होती.

बाईंकडे मूळ इंग्रजी पुस्तक होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी तो भाग वाचून मराठीत सांगितला आणि मी वहीत टिपून घेतलं. झाड बुंध्याशी तोडायला वीस दिवस. फांद्या आणि शेंडा छाटायला आणखी चौदा. बाहेरून होडीचा आकार द्यायला एक महिना. आतून कोरायला जवळजवळ तीन महिने, तेही आग न वापरता. सव्वीस माणसं बसतील एवढी ती मोठी झाली. पाणी तिथून शंभर यार्डांवर होतं, पण वाट चढाची होती. त्याने तो चढ खणून उतार केला, तरी होडी जागची हलेना. मग पाणीच होडीपर्यंत आणावं म्हणून कालव्याचा हिशेब केला, तर एकट्याला दहा-बारा वर्षं लागणार होती. आणि सगळ्यात मला जे लागलं ते असं, की ही अडचण त्याच्या मनात आधीच आली होती. आधी होडी तर होऊ दे, नेण्याचं पुढे बघू, असं म्हणून तो ती दर वेळी मागे ढकलत होता.

इथे भाषणाचा सांगाडा ठरला. अख्खं पुस्तक पाच-सहा वाक्यांत, फक्त आपण कुठे आहोत हे कळण्यापुरतं. बाकी सगळा वेळ एका होडीला. फ्रायडेला काढताना मला फार वाईट वाटलं. क्रूसोचं नाव घेतलं की लोकांना फ्रायडे आठवतोच. पण तो पुस्तकात खूप उशिरा येतो, क्रूसोची एकट्याची चोवीसएक वर्षं उलटल्यावर. त्याला एका वाक्यात आणला असता तर तो पंधरावा ‘मग’ झाला असता.

एक गोष्ट मात्र गाळता येणार नाही, असं त्याच दिवशी ठरलं. माझ्या कागदावर वाक्य होतं, ‘क्रूसो व्यापारासाठी जहाजातून निघतो.’ संक्षिप्त पुस्तकात तसंच होतं. मूळ पुस्तकात तो ब्राझीलमध्ये मळा करत असतो आणि तिथल्या मळेवाल्यांसाठी व स्वतःसाठी आफ्रिकेतून गुलाम आणायला निघालेला असतो. त्याआधी तो स्वतः दोनएक वर्षं गुलामीत काढून पळालेला असतो, तरीही. हे ऐकून मी गप्प झाले. मला क्रूसो आवडत होता. मी बाईंना म्हटलं, दोन मिनिटांत हे कशाला, लोकांचं लक्ष होडीवरून उडेल. त्या म्हणाल्या, “सगळं सांगायला वेळ नाही हे बरोबर. पण जे वाक्य तू म्हणणारच आहेस, ते तरी खरं म्हण.” ‘व्यापारासाठी’च्या जागी ‘गुलाम आणायला’ लिहिलं. एक शब्द वाढला. त्या दिवसापर्यंत मी लहान करणं आणि गुळगुळीत करणं एकच समजत होते.

नंतर भाषा. माझी वाक्यं निबंधातली होती. ‘अथक परिश्रमांती तयार झालेली ती भव्य नौका जलाशयापर्यंत नेणे त्यास अशक्यप्राय ठरले.’ हे कागदावर मला छान वाटायचं. बोलताना ‘परिश्रमांती’ला जीभ अडखळायची, आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत भावाला सुरुवात आठवत नव्हती. वाचणारा मागे जाऊन ओळ पुन्हा वाचू शकतो. ऐकणाऱ्याच्या हातून गेलेली ओळ गेलीच. म्हणून मी कागद बाजूला ठेवला आणि होडीची गोष्ट भावाला तोंडी सांगितली, जशी जेवताना सांगितली असती तशी. लगेच बसून तेच शब्द लिहून काढले. ती वाक्यं आपोआप लहान आली होती.

आकड्यांचंही तसंच. आधीच्या कागदावर क्रूसो बेटावर आला ती तारीख होती, ३० सप्टेंबर १६५९. शिवाय तो तिथे किती राहिला तेही, अठ्ठावीस वर्षं, दोन महिने आणि एकोणीस दिवस. एवढं कुणाच्या कानात राहत नाही. ‘अठ्ठावीस वर्षं’ ठेवलं, बाकीचं काढलं. पण होडीचे वीस दिवस, चौदा दिवस, एक महिना, तीन महिने हे चारही आकडे मी हट्टाने ठेवले. ते लक्षात राहिले नाहीत तरी चालणार होतं. एकावर एक पडताना त्यांचं ओझं वाटायला हवं होतं. आणि ‘शंभर यार्ड’ म्हटल्यावर कुणाच्याच डोळ्यांपुढे काही येईना. शंभर यार्ड म्हणजे सुमारे एक्क्याण्णव मीटर. शाळा सुटल्यावर मी मैदानाची लांब बाजू पावलांनी मोजली. एकशे तीस पावलं भरली, म्हणजे जवळपास तेवढंच अंतर. मैदानाच्या टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं तेव्हा क्रूसोची होडी मला पहिल्यांदा खरी वाटली. इतकं जवळ होतं पाणी.

शेवटी जे तयार झालं ते असं:

“नमस्कार. सव्वीस माणसं बसतील एवढी मोठी होडी. एकट्या माणसाने, एका झाडातून कोरलेली.

हा माणूस म्हणजे रॉबिन्सन क्रूसो. डॅनियल डीफो यांच्या १७१९ सालच्या कादंबरीचा नायक. आफ्रिकेतून गुलाम आणायला निघालेलं त्याचं जहाज वादळात सापडतं. सोबतचे सगळे बुडतात. हा एकटा एका बेटावर पोहोचतो आणि तिथे अठ्ठावीस वर्षं राहतो. घर बांधतो, धान्य पिकवतो, बकऱ्या पाळतो. पण मी सांगणार आहे त्या होडीबद्दल.

सुटका करून घ्यायची म्हणून तो एक प्रचंड झाड निवडतो. तोडायला वीस दिवस. फांद्या छाटायला चौदा दिवस. बाहेरून आकार द्यायला एक महिना. आतून कोरायला तीन महिने. होडी तयार होते. आणि ती पाण्यापर्यंत नेताच येत नाही.

पाणी किती लांब? आपल्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये चढ. तो चढ खणून काढतो. होडी हलत नाही. मग पाणीच होडीकडे आणायचं ठरवतो. हिशेब करतो. कालव्याला दहा-बारा वर्षं लागणार.

हे त्याला आधी कळलं नव्हतं? कळलं होतं. तो स्वतःच सांगतो. हा प्रश्न मनात आला की तो म्हणायचा, आधी होडी तर होऊ दे.

इथे मी पुस्तक मिटून बसले. गेल्या वर्षी आमच्या वर्गाने बनवलेला ज्वालामुखी आठवला. तो वर्गाच्या दारातून बाहेर निघाला नव्हता. आम्हीही दार शेवटी मोजलं होतं.

क्रूसो खचतो का? तो दुसरी होडी करतो का? ते मी सांगणार नाही. पुस्तक आपल्या वाचनालयात, तिसऱ्या कपाटात आहे.”

ज्वालामुखीची ओळ आधी नव्हती. तिथे ‘यातून आपल्याला नियोजनाचे महत्त्व कळते’ असं होतं. बाईंनी त्यावर रेघ मारली नाही, फक्त विचारलं, “तुला कधी कळलं ते?” मग मला तो कागदाच्या लगद्याचा डोंगर आठवला, दारात आडवा धरलेला, आणि त्याच्या कडेचे पडलेले पोपडे.

भाषण शब्दन् शब्द पाठ करू नकोस, असं बाई म्हणाल्या होत्या. मला ते पटत नव्हतं. मी पाठ केलं, आणि सरावात एकदा ‘चौदा दिवस’ विसरल्यावर पुढचं काहीच आठवेना, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. तेव्हा मी एका कार्डावर सात शब्द लिहिले: सव्वीस, बेट, झाड, मैदान, कळलं होतं, दार, कपाट. प्रत्येक शब्द म्हणजे एक जागा. एका जागेवरून पुढच्या जागेवर जाता आलं की मधली वाक्यं थोडी इकडेतिकडे झाली तरी चालतं. फक्त पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं पाठ ठेवलं. सरावात वेळ एक मिनिट पन्नास ते पंचावन्न सेकंदांत बसत होती. तरी बाईंनी एक वाक्य ‘सोडायचं’ म्हणून ठरवायला लावलं. मी ‘घर बांधतो, धान्य पिकवतो’ हे निवडलं. त्या म्हणाल्या, “ते सुरुवातीला आहे. वेळ कमी पडतेय हे तुला शेवटी कळणार, तेव्हा ते बोलून झालेलं असेल. सोडायचं वाक्य नेहमी शेवटच्या भागात हवं.” म्हणून ‘क्रूसो खचतो का?’ यावर पेन्सिलीने गोल केला.

वाचन दिनाच्या सकाळी माझा नंबर सहावा होता. माइकसमोर ‘नमस्कार’ म्हटलं आणि तो शब्द हॉलच्या मागच्या स्पीकरमधून क्षणभराने परत आला. त्याने मी गडबडले, आणि होडीचं पहिलं वाक्य फार भरभर गेलं. पहिल्या रांगेतल्या मुलांच्या चेहऱ्यावरून कळलं की ते त्यांच्यापर्यंत पोहोचलं नाही. मी थांबले आणि ‘सव्वीस माणसं’ पुन्हा, सावकाश म्हटलं. हे कार्डावर नव्हतं. तीन सेकंद गेले असतील.

‘गुलाम आणायला’ म्हटलं तेव्हा हॉलमध्ये काहीच झालं नाही, फक्त इतिहासाच्या सरांनी मान वर करून पाहिलं. वीस दिवस, चौदा दिवस, एक महिना, तीन महिने. प्रत्येकानंतर मी मनात एक आकडा मोजला. ‘नेताच येत नाही’ला मागून कुणीतरी “अरेरे” म्हणालं, अगदी मनापासून. मैदानाचा उल्लेख आला तशी मुलांनी माना वळवून खिडकीबाहेर पाहिलं. शेजारच्या मुलीला बोटाने दाखवणारी एक मुलगी मला अजून आठवते.

ज्वालामुखीला आमचा वर्ग हसला आणि त्यांचं बघून बाकीचे हसले. एवढं हसतील असं मला वाटलं नव्हतं. बोलत राहिले असते तर पुढचं वाक्य त्या हसण्यात बुडालं असतं. मी थांबले. सहा-सात सेकंद असतील, पण तिथे उभं राहून ते फार लांब वाटले. हसू ओसरायला आणि छोटी घंटा वाजायला एकच गाठ पडली. पंधरा सेकंद उरले होते. ‘आम्हीही दार शेवटी मोजलं होतं’ म्हटलं, गोल केलेलं वाक्य सोडलं, आणि सरळ ‘तो दुसरी होडी करतो का?’ वर गेले. ‘तिसऱ्या कपाटात आहे’ म्हणून मी मागे सरले आणि मग मोठी घंटा वाजली.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलत होतो तेव्हा सहावीतला एक मुलगा आला. त्याने मला पुस्तकाबद्दल काही विचारलं नाही. तो म्हणाला, “ताई, खाली गोल ओंडके ठेवून ढकलली असती तर?” मी म्हटलं, चढावर एकट्याला नसती ढकलता आली. तो म्हणाला, “आणि दोरी झाडाला बांधून?” मला उत्तर येईना. बाई तिथेच होत्या. त्यांनी पिशवीतून मूळ पुस्तक काढलं, होडीच्या पानावर माझी टिपणांची चिठ्ठी अजून तशीच होती. आम्ही तिघं व्यासपीठाच्या पायरीवर बसलो. बाई एकेक वाक्य मराठीत सांगत होत्या, आणि तो मुलगा दर वाक्याला विचारत होता, दोरी होती का त्याच्याकडे, किती लांब होती, जहाजावरून काय काय आणलं होतं.